शेडचे लोखंड किती भरेल?



गावात नांगर, कुळव, पंप, ट्रॉली यांच्या दुरुस्तीसाठी शेड बांधायची ठरली, की पहिला प्रश्न निघतो तो लोखंडाचा. बांधणारा कारागीर दर सांगतो किलोवर. म्हणजे एका किलोला इतके रुपये, त्यात माल आला आणि मजुरी आली. दर आपण दहा ठिकाणी विचारून घेतो. पण वजन? ते तो सांगेल तेच. "दोन टन लागेल बघा," असे तो म्हणाला, की आपण मान डोलावतो. दरात दोन रुपये कमी करून घेतले आणि वजनात तीनशे किलो जास्त दिले, तर काय मिळवले?

हे वजन आपल्याला काढता येते. त्याला गुणाकार आणि बेरीज पुरते. आज आपण एका शेडचे वजन शेवटपर्यंत काढून बघू.

आधी मूळ गोष्ट. लोखंडाचा अँगल, चॅनल किंवा गर्डर कारखान्यात ठरावीक मापाचा निघतो. म्हणून त्याच्या एका मीटरचे वजनही ठरलेले असते. त्याचे छापील तक्ते असतात. दुकानदाराकडे असतात, इंजिनिअरकडे असतात. आपल्याला चारच आकडे हवेत:

५० × ५० × ६ अँगल: मीटरला ४.५ किलो.
४० × ४० × ५ अँगल: मीटरला ३ किलो.
७५ चा चॅनल: मीटरला ७.१४ किलो.
१५० चा गर्डर: मीटरला १५ किलो.

अँगलच्या तीन आकड्यांचा अर्थ असा: एक बाजू ५० मिलिमीटर, दुसरी बाजू ५० मिलिमीटर, जाडी ६ मिलिमीटर. तुकड्याची लांबी मीटरमध्ये मोजा, तिला या वजनाने गुणा, झाले.

आता आपली शेड. लांबी ९ मीटर, रुंदी ६ मीटर. दर ३ मीटरवर एक कैची, म्हणजे कैच्या ४. प्रत्येक कैचीखाली दोन खांब, म्हणजे खांब ८. छपराला मधोमध आढे आणि दोन्ही बाजूंना उतार. आढे कैचीच्या तळापासून १.२५ मीटर उंच.

पहिल्याने एक कैची घेऊ. खालचा आडवा अँगल ६ मीटर. वरचे तिरपे अँगल दोन. त्यांची लांबी किती? इथे पुष्कळ जण चुकतात. अर्धी रुंदी ३ मीटर, म्हणून तिरपाही ३ मीटर धरतात. पण तिरपी वाट सरळ वाटेपेक्षा लांबच असणार. अंगणात चुन्याने कैची काढा, तिरप्या रेघेवर दोरी लावा आणि ती मोजा. ३.२५ मीटर भरेल. दोन तिरपे मिळून ६.५ मीटर. त्यात खालचा ६ मिळवला की १२.५ मीटर. हा सगळा ५० चा अँगल. १२.५ गुणिले ४.५, म्हणजे ५६.२५ किलो.

कैचीच्या पोटात तीन तुकडे असतात. मधला उभा १.२५ मीटर. दोन बाजूंचे टेकू प्रत्येकी १.६२५ मीटर. एकूण ४.५ मीटर. हे ४० च्या अँगलचे धरू. ४.५ गुणिले ३, म्हणजे १३.५ किलो. एक कैची झाली ६९.७५ किलोची. चार कैच्या २७९ किलो.

आता पर्लिन. कैच्यांवर आडवे टाकतात आणि ज्यांवर पत्रे बसतात, ते पर्लिन. एका उतारावर ४ ओळी, दोन्ही मिळून ८. शेड ९ मीटर, पण पत्रा दोन्ही टोकांना ३०-३० सेंटिमीटर बाहेर काढायचा, म्हणून प्रत्येक ओळ ९.६ मीटर. आठ ओळी ७६.८ मीटर. हा ७५ चा चॅनल. ७६.८ गुणिले ७.१४, म्हणजे ५४८ किलो.

इथे जरा थांबा. चारही कैच्या २७९ किलोच्या, आणि पर्लिन ५४८ किलोचे! डोळ्यांत भरते ती कैची, पण वजन बसले आहे पर्लिनमध्ये. म्हणून कुणी "कैच्या हलक्या करून देतो" म्हणाला, तर पर्लिनच्या ओळी किती आणि चॅनल कोणता, हे आधी विचारा. एक ओळ कमी-जास्त झाली तर साडेअडुसष्ट किलोचा फरक पडतो.

खांब सोपे आहेत. ८ खांब, प्रत्येकी ४ मीटर, म्हणजे ३२ मीटर. १५ ने गुणले की ४८० किलो.

वाऱ्याने शेड एका अंगाला कलू नये म्हणून तिरपे ताण लावतात. दोन्ही लांब बाजूंना एकेका गाळ्यात फुली मारू. गाळा ३ मीटर रुंद, खांब ४ मीटर उंच, तर तिरपा ५ मीटर. असे ४ तुकडे. छपराच्या दोन्ही उतारांवरही एकेक फुली. तिथला तिरपा ४.४२ मीटर, तेही ४ तुकडे. सगळे मिळून ३७.६८ मीटर. ५० चा अँगल, म्हणून ४.५ ने गुणा: १७० किलो.

राहिल्या प्लेटी. यांना मीटरचा हिशोब चालत नाही, क्षेत्रफळाचा चालतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पत्र्याचे वजन ७.८५ किलो असते. एवढा एक आकडा ध्यानात ठेवा. खांबाखालची प्लेट ३० सेंटिमीटर चौरस, १२ मिलिमीटर जाड. ०.३ गुणिले ०.३ म्हणजे ०.०९. त्याला १२ ने आणि ७.८५ ने गुणा. साधारण साडेआठ किलो. आठ खांबांच्या ६८ किलो. याच रीतीने खांबावरच्या टोपी-प्लेटी २५ किलो आणि कैचीच्या सांध्यावरच्या प्लेटी ४५ किलो भरतात. एकूण १३८.

आता वहीत उतरवू:

कैच्या: २७९
पर्लिन: ५४८
खांब: ४८०
ताण: १७०
प्लेटी: १३८
एकूण: १,६१५ किलो

नट-बोल्ट आणि वेल्डिंग यांसाठी शंभरामागे दोन किलो वर धरू. म्हणजे झाले साधारण १,६५० किलो. पत्रे यात नाहीत, ते वेगळे.

कारागीर म्हणाला होता २,००० किलो. फरक ३५० किलोचा. समजा दर १०० रुपये ठरला, तर हे ३५,००० रुपये झाले. म्हणून लगेच भांडायला उठू नये. त्याला वही दाखवावी आणि विचारावे, "दादा, तुमचा हिशोब तुकड्यागणिक सांगा." कदाचित त्याने खांब जाड धरला असेल. कदाचित भिंतीच्या पत्र्यासाठी आडव्या पट्ट्या धरल्या असतील, ज्या आपण धरल्या नाहीत. कदाचित दोघांचे तक्तेच वेगळे असतील. ७५ चा चॅनल जुन्या तक्त्यात ६.८ किलो लिहिलेला सापडतो आणि नव्यात ७.१४. आपल्या पर्लिनमध्ये एवढ्यानेच २६ किलोचा फरक येतो. म्हणून दोघांनी एकच तक्ता समोर ठेवावा.

आणखी एक कारण असते, ते खरेही असते. ते म्हणजे तुकडे वाया जाणे. समजा दुकानात अँगल ६ मीटरचे मिळाले. कैचीचा वरचा तिरपा ३.२५ मीटर. एका अँगलमधून एकच निघतो, २.७५ मीटर उरतो. असे ८ तिरपे, म्हणजे २२ मीटर उरले. ४.५ ने गुणा: ९९ किलो! पैसे त्याचेही गेले.

मग उपाय? कैचीच्या पोटातले तुकडे आपण ४० चे धरले होते. तेही ५० चेच करा. उरलेल्या प्रत्येक २.७५ मधून १.६२५ चा एक टेकू निघतो. छपराच्या ताणाचा तुकडा ४.४२ चा, त्यातून १.५८ उरतो, त्यात १.२५ चा मधला उभा बसतो. असे चारही कैच्यांचे पोट उरलेल्या मालात भागते. कैच्यांचे वजन २७ किलोने वाढते खरे, पण ४० चे चार अँगल, म्हणजे ७२ किलो माल, विकत घ्यावाच लागत नाही. बसलेल्या वजनावर पैसे देणार असाल तर या २७ किलोंचे पैसे लागतील. माल आपण आणून फक्त मजुरी देणार असाल तर फायदा मोठा. म्हणून करार करतानाच लिहून घ्या: पैसे बसलेल्या वजनावर, की आणलेल्या वजनावर?

शेवटी माल दारात आला की काय पाहायचे? ६ मिलिमीटरच्या जागी ५ मिलिमीटरचा अँगल आला तर तो लांबून ओळखू येत नाही. पण काटा ओळखतो. ५० × ५० × ६ चा ६ मीटरचा अँगल २७ किलो भरला पाहिजे. ५ जाडीचा असेल तर तो २३ किलोच्या आसपास भरेल. कारखान्याच्या मालात थोडे कमी-जास्त चालते, अर्धा-पाऊण किलोवरून ओरड करू नये. पण चार किलो कमी म्हणजे माल दुसराच आहे. दोन-चार अँगल उचलून काट्यावर टाका.

तक्ता हाताशी नसला तर ही रीत वापरा. दोन्ही बाजूंची बेरीज करा, त्यातून जाडी वजा करा, उरेल त्याला जाडीने गुणा. ५० आणि ५० शंभर, वजा ६ म्हणजे ९४, गुणिले ६ म्हणजे ५६४. याला ७.८५ ने गुणून हजाराने भागा. ४.४३ येते. तक्त्यात ४.५ आहे, कारण अँगलच्या आतल्या कोपऱ्यात थोडे लोखंड जास्त असते. अदमासाला एवढे पुरे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. या हिशोबाने वजन कळते, ताकद कळत नाही. कुठे कोणता गर्डर आणि कोणता चॅनल लागेल हे वाऱ्यावर, उंचीवर आणि गाळ्याच्या लांबीवर ठरते. ते इंजिनिअरने नकाशावर लिहून द्यायचे. वजन कमी करण्यासाठी आपण होऊन जाडी घटवू नये. आपली शेड उदाहरणाची आहे, तुमच्या शेडची मापे तुमच्या नकाशावरून घ्या.

नकाशा हाती आला, की घरच्या शाळकरी पोराला शेजारी बसवा, वहीवर पाच ओळी पाडा: कैच्या, पर्लिन, खांब, ताण, प्लेटी. एकाने तुकडे मोजावे, दुसऱ्याने ताळा घ्यावा. मग कारागिराला बोलवा.