चोळीवरचा पिवळा डाग

बायांनो, परवा सातवा लागलेली एक सूनबाई आमच्याकडे आली. चोळीवर पिवळसर डाग होता. सासूबाई काळजीत. म्हणाल्या, "दूध आत्ताच गळून गेलं, तर बाळाला काय उरणार?"

आम्ही सांगितले, हा चीक आहे. पोटात बाळ वाढते, तशी छाती भरते, बोंडे काळसर होतात, आणि कुणाकुणाला चीक आधीच पाझरतो. कुणाला थेंबही येत नाही, तरी बाळंतपणानंतर दूध येतेच. पाझरल्याने चीक संपत नाही. पिळून मात्र काढू नये.

बोंडे नुसत्या पाण्याने धुवावीत आणि अलगद टिपावीत. साबणाने तिथला तेलकटपणा जातो, मग भेगा पडतात. चोळीत जुन्या सुती लुगड्याची स्वच्छ घडी ठेवावी. ओली झाली की बदलावी.

सूनबाईची बॉडी घट्ट होती. कातडीवर लाल वळ उठले होते! नवी घेताना सुती घ्यावी, छाती पुरती आत मावावी आणि खालच्या पट्ट्यात दोन बोटे सहज जावीत. चोळी घालणारीने गाठ सैल मारावी.

चिकाबरोबर रक्त दिसले, छातीत गाठ लागली किंवा छाती लाल होऊन ताप आला, तर मात्र घरी थांबू नका, दवाखान्यात दाखवा.