एसटीच्या थांब्यासाठी अर्ज : जागा नेमकी कशी सांगावी

आज आपण एका अर्जाविषयी बोलणार आहोत. एसटीच्या आगाराला नवीन विनंती थांबा मागायचा अर्ज. बऱ्याच गावांतून असे अर्ज जातात. त्यात "आमच्या फाट्यावर थांबा मिळावा" एवढंच लिहिलेलं असतं, खाली शंभर सह्या असतात आणि पुढे काही होत नाही. सह्या कमी पडतात असं नाही. जागा कळत नाही, ही अडचण असते.

आमच्या शेजारच्या एका गावाचं असंच झालं. त्या गावाला दोन रस्ते फुटतात. जुना फाटा पाटीजवळ आहे, तिथे थांबा आधीपासूनच आहे. बायकांना हवा होता तो नव्या वस्तीच्या फाट्यावर, साधारण दीड किलोमीटर पुढे. पाहणीला आलेला माणूस पाटी बघून जुन्या फाट्यावर उतरला आणि "थांबा अस्तित्वात आहे" असा शेरा मारून गेला. तोवर कॉलेजच्या मुली आणि भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाया तिन्हीसांजेला त्या दीड किलोमीटर हमरस्त्याच्या कडेने चालतच होत्या. पुढे दुसरा अर्ज आमच्या गटांनी मिळून केला. तो कसा केला, ते सांगते.

सुरुवात जागा ठरवण्यापासून. आपल्याला वाटतं, गाडी अगदी फाट्याच्या तोंडावर थांबावी. पण तिथे उभी राहिलेली गाडी गावातून येणाऱ्या ट्रॅक्टरला समोरचा रस्ता दिसू देत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गावरस्त्याच्या फाट्यापासून थांबा साधारण ६० मीटर दूर असावा असं सांगितलं आहे. आपल्या चालीने ही ऐंशी-पंच्याऐंशी पावलं होतात. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबा मागू नये, कारण मागून येणाऱ्याला उभी गाडी उशिरा दिसते. आम्ही जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही बाजूंना फाटा ओलांडून पुढची सपाट जागा निवडली. म्हणजे जागा एक नाही, दोन झाल्या. तालुक्याला जाताना डाव्या हाताची एक आणि परत येताना डाव्या हाताची दुसरी.

आता ही जागा कागदावर कशी आणायची? त्यासाठी अक्षांश-रेखांश. पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला दोन आकडे असतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. गटातल्या जिच्याकडे स्मार्टफोन असेल, तिने निवडलेल्या जागी उघड्यावर उभं राहायचं. झाडाखाली नको, पत्र्याच्या शेडमध्ये नको. फोनचं लोकेशन सुरू करून गुगल मॅप उघडायचा. निळा ठिपका दिसेल. त्याच्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ मोठं असेल, तर फोनला जागा अजून नीट सापडलेली नाही. एक-दोन मिनिटं थांबलं की वर्तुळ आकसतं. मग ठिपक्यावर बोट दाबून धरायचं. लाल खूण उमटते आणि दोन आकडे दिसतात. ते दशांशचिन्हासकट जसेच्या तसे उतरवून घ्यायचे.

आकडे तपासायची एक सोपी रीत आहे. आपल्या महाराष्ट्रात अक्षांश १५ ते २२ च्या घरात येतो आणि रेखांश ७२ ते ८० च्या घरात. पहिला आकडा सत्तरच्या पुढचा दिसला, तर समजायचं की उलटसुलट लिहिलं आहे. दशांशानंतरचे आकडेही गाळायचे नाहीत. तिथे दोनच आकडे लिहिले, तर जागा किलोमीटरभर सरकू शकते. पाच आकडे लिहिले, तर चूक मीटर-दीड मीटरच्या आत राहते. फोन स्वतः पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, पण थांब्यासाठी तेवढं चालतं. शेवटी हे आकडे घरी बसलेल्या मैत्रिणीला पाठवायचे. तिने ते आपल्या फोनच्या नकाशात टाकले आणि खूण त्याच जागी उमटली, म्हणजे काम झालं. अर्जात हे आकडे इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे आगारातल्या माणसाला जसेच्या तसे टाकता येतात.

पण नुसते आकडेही पुरत नाहीत. गाडीचा ड्रायव्हर नकाशा बघत नाही, तो खुणा बघतो. म्हणून आकड्यांशेजारी साध्या शब्दांत खूण लिहायची. आमच्या अर्जाचा मजकूर असा होता :

"प्रति, मा. आगार व्यवस्थापक. विषय : नवीन वस्ती फाट्याजवळ दोन्ही बाजूंना विनंती थांबा मिळणेबाबत. महोदय, या मार्गावर सध्याचे थांबे आमच्या फाट्याच्या अलीकडे १.५ किलोमीटर आणि पलीकडे २ किलोमीटर अंतरावर आहेत. आम्ही सात दिवस नोंद ठेवली. सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत रोज १४ ते १९ प्रवासी येथून चालत थांब्यावर जातात. त्यांत निम्म्याहून अधिक विद्यार्थिनी व महिला आहेत. प्रस्तावित जागा : तालुक्याकडे जाताना, फाटा ओलांडून विहिरीसमोर, 19.23418, 74.57062. तालुक्याहून येताना, फाटा ओलांडून दूध संकलन केंद्रासमोर, 19.23478, 74.57152. दोन्ही ठिकाणी रस्ता सरळ असून डांबराबाहेर गाडी उभी राहण्याइतकी जागा आहे. साध्या गाड्यांना येथे थांबा मिळावा, ही विनंती. सोबत : ग्रामपंचायतीचा ठराव, सात दिवसांची नोंद, जागेचे दोन फोटो. पाहणीच्या दिवशी संपर्कासाठी खाली दोन फोन नंबर दिले आहेत."

अर्ज एका पानात बसला. यात आम्ही निवारा शेड मागितली नाही, आणि ते मुद्दामच. गाडी थांबवायची की नाही, हे एसटी ठरवते. रस्त्याकडेला बांधकाम करायचं, तर ते रस्ता ज्या खात्याचा असेल त्याच्या परवानगीने होतं. दोन्ही मागण्या एका कागदात घातल्या, की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. तसंच जलद गाड्याही मागितल्या नाहीत. त्यांना मोजकेच थांबे असतात, त्यामुळे तिथे नकार ठरलेला.

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घ्यायची. एक प्रत विभाग नियंत्रकांनाही पाठवायची. पुढे विचारायला जाताना तोच आवक क्रमांक सांगायचा.

पाहणीला आलेले साहेब या वेळी फोन हातात घेऊन थेट विहिरीसमोर उतरले. तालुक्याकडची जागा त्यांनी मान्य केली. येतानाच्या जागेला त्यांनी हरकत घेतली. दूध केंद्राच्या गाड्या सकाळी तिथेच उभ्या असतात, म्हणून थांबा चाळीस मीटर पुढे घ्या, म्हणाले. आम्ही तिथेच नवे आकडे घेतले आणि पुरवणी अर्ज दिला.

मंजुरीचं पत्र आलं, तरी काम तिथे संपत नाही. सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांपर्यंत सूचना पोचायला वेळ लागतो आणि काही गाड्या न थांबता जातात. मंजुरीपत्राची झेरॉक्स दोघी-तिघींच्या पिशवीत ठेवा. गाडी थांबली नाही, तर भांडू नका. तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर वहीत लिहा, आणि आठवड्याने ती यादी आगारात द्या. आमच्याकडे अशा दोन याद्या द्याव्या लागल्या. आता सकाळची साधी गाडी विहिरीसमोर थांबते.

तिकिटाविषयी एक गोष्ट सांगून थांबते. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारलं जातं. त्यामुळे नवा थांबा दोन टप्प्यांच्या मध्ये आला, तर भाडं पुढच्या टप्प्याचंच लागू शकतं. हे गटाच्या बैठकीत आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्याच दिवशी कंडक्टरशी वाद होणार नाही.