चेक परत आला, तर पत्र कसे लिहावे?

मंडळी, आपल्या भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणारी घरे आहेत. माल परगावी जातो आणि पैसे कधी चेकने येतात. आमच्या शेजारच्या भाऊंनी एका दुकानदाराला गुंड आणि पराती दिल्या. त्याचा १८,४०० रुपयांचा चेक बँकेतून परत आला. भाऊ तावातावाने माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, लिहा त्याला, तू मला फसवलंस!"

मी म्हटलं, "आधी बँकेची चिठ्ठी दाखवा जी."

चेक परत करताना बँक कारणाची चिठ्ठी देते. सही जुळत नाही, आकडा आणि अक्षरे वेगळी आहेत, अशीही कारणे असतात. तेवढ्याने दुकानदार लबाड ठरत नाही. भाऊंच्या चिठ्ठीत 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असे होते. रक्कम का नव्हती, हे बँकेला ठाऊक नाही, आणि आपल्यालाही नाही. म्हणून जेवढे ठाऊक, तेवढेच लिहायचे. आम्ही असे लिहिले :

"आपला ५ जून तारखेचा, १८,४०० रुपयांचा चेक मी १० जूनला बँकेत भरला. १२ जूनला तो परत आला. बँकेने 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असे कारण दिले आहे. चिठ्ठीची प्रत सोबत आहे. कृपया ही रक्कम २२ जूनपर्यंत माझ्या खात्यात भरावी. अडचण असल्यास त्याआधी कळवावे."

वर चेकचा नंबर आणि बिलाचा नंबर घातला. बँकेने भाऊंकडून कापलेला आकार खाली वेगळा लिहिला, चेकच्या रकमेत मिसळला नाही. 'फसवलं' लिहिलं असतं, तर माणूस त्या शब्दावरच भांडत बसला असता आणि पैशाची गोष्ट मागे पडली असती. पत्राची एक प्रत आणि टपालाची पावती घरी ठेवली. मूळ चेक आणि चिठ्ठी तर कुणाच्या हाती द्यायचीच नाही.

पत्र सौम्य असले, तरी दिवस मोजायला विसरू नका. उधारी फेडण्यासाठी दिलेला चेक रकमेअभावी परत आला, तर १९८९ पासून तो गुन्हा ठरू शकतो. पण त्यासाठी बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत चेकची रक्कम मागणारी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. म्हणूनच आम्ही २२ जून ही तारीख घातली. तोवर पैसे आले नसते, तरी वकिलाकडे जायला दिवस उरत होते. "देतो, देतो" ऐकत जुलै अर्धा गेला असता, तर त्या चिठ्ठीवरची मुदत संपली असती.

पत्र मिळताच दुकानदाराचा फोन आला. त्याचीच वसुली अडकली होती म्हणे. २० जूनला त्याने पैसे पाठवले. भाऊंनी पासबुकात रक्कम पाहिली, मग चेक परत दिला, आणि तो मिळाल्याची सही त्याच्याकडून घेतली.