पाच स्टार नकोत, दोन ओळी लिहा
(मेळाव्यातील मनोगत)



माझ्या वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या दुकानाचं गूगल मॅपवरचं पान मी आपल्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा लगेच विचारणा झाली, "पाच स्टार देऊन टाकू का?" मी नको म्हटलं. तुमचं प्रेम कळतं रे, पण ज्याचं काम मी केलंच नाही त्याचा अभिप्राय गूगलच्या नियमात खोटा ठरतो आणि काढून टाकला जाऊ शकतो. बिलात सूट देऊन अभिप्राय मागणं किंवा फक्त खूश गिऱ्हाइकांनाच गाठणं, हेही नियमात बसत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच मेसेज पाठवतो.

तो कधी पाठवायचा, यातच खरी मेख आहे. पैसे घेताना दारातच मागितलं तर माणूस संकोचाने हो म्हणतो आणि विसरतो. शिवाय एकदा कपडे धुऊन पाहिल्याशिवाय मशीन नीट झालं की नाही हे त्यालाही कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहितो: "नमस्कार, काल आपल्या मशीनचा पाणी सोडण्याचा पंप बदलला. नीट चालतंय ना? अडचण असेल तर याच नंबरवर कळवा. सवड झाली तर खालच्या लिंकवर अनुभव लिहा, जसा असेल तसा." त्यात स्टारचं नाव नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा टोचत नाही.

मग प्रत्येक अभिप्रायाला उत्तर. सगळ्यांखाली तेच "धन्यवाद" चिकटवलं तर ते न वाचताच लिहिल्यासारखं दिसतं. मी कामाचा उल्लेख करतो.

एका ताईंनी एक स्टार दिला: "पंप बदलूनही पाणी तुंबतंच. पैसे वाया." मनात आलं, पंप चालू करून दाखवला होता की! पण ते लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच: "ताई, त्रास झाला, वाईट वाटलं. उद्या सकाळी येऊन पाहतो, तपासणीचे पैसे नाहीत." त्यांचा पत्ता, फोन किंवा बिलाची रक्कम तिथे लिहिली नाही, कारण ते उत्तर गावभर वाचतं.

गेलो तर मशीन भिंतीला सरकवताना मागची पाण्याची नळी मुडपली होती. सरळ केली, पाणी धो धो गेलं. परत येऊन जुनंच उत्तर दुरुस्त करून एक ओळ जोडली: "नळी मुडपली होती, आता सुरळीत. मशीन सरकवल्यावर मागची नळी एकदा पाहावी." कोणी सरकवलं, ते लिहिलं नाही.

स्टार बदला असं मी म्हटलं नव्हतं. चार दिवसांनी ताईंनी स्वतःच एकाचे चार केले. पाचवा का नाही, ते मी विचारलेलं नाही. नळीची ती ओळ वाचून मात्र दोघांनी फोनवर विचारलं आणि त्यांचं काम घरच्या घरीच झालं. त्यांचे पैसे बुडाले म्हणा माझे!