बोट ठेवून दाखवा

मैत्रिणींनो, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या आपल्या बायका अपठित उताऱ्यात कुठे चुकतात, ते सांगते. सरावाला मी चारच ओळी दिल्या होत्या: ‘गावाची विहीर आटली. बायकांनी श्रमदानाने गाळ काढला. पावसाळ्यात विहीर भरली. आता उन्हाळ्यातही पाणी पुरतं.’

गाळ कोणी काढला? एकीने लिहिलं, सरपंचांनी जेसीबी लावून. तिच्या गावात तसंच झालं होतं! पण उताऱ्यात जेसीबी कुठेय? उत्तर ज्या शब्दांत आहे, त्यांवर बोट ठेवता आलं पाहिजे.

मध्यवर्ती कल्पना म्हणून दुसरीने ‘विहीर आटली’ लिहिलं. ती तर नुसती पहिली ओळ. चारही ओळी सामावतील असं वाक्य हवं: बायकांच्या श्रमदानामुळे गावाला उन्हाळ्यातही पाणी पुरू लागलं. ‘पाणी हेच जीवन’ ऐकायला छान, पण उताऱ्यात ते नाही.