उपवासाचा वार आणि सुट्टीचा वार
(कळंबा येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेले बोलणे)



गेल्या बैठकीत एकीनं विचारलं, “ताई, माझा शुक्रवार असतोय अंबाबाईचा, आणि सुट्टी मिळतीया सोमवारी. मागायची कशी?” आज तेवढ्यावरच बोलते.

आधी एक सांगते. वारासाठी सुट्टी मागणं म्हणजे फाजील लाड नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीमुळं. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे देवाचा वार आणि विसाव्याचा दिवस यांची सांगड आपल्याकडं जुनीच आहे.

आता असं धरा, एक पोळी-भाकरी केंद्र आहे. सहा जणी, केंद्र सातही दिवस चालू. रोज किमान चौघी लागतातच: दोघी थापायला, एक भाजायला, एक डबे आणि हिशोबाला. म्हणजे एका दिवशी जास्तीत जास्त दोघींनाच सुट्टी. हा आकडा पहिल्यांदा काढा. तो काढल्याशिवाय मागणी केली की नुसती वादावादी होते.

मग प्रत्येकीला वार विचारला. दोघींना रविवार, पोरं घरी असतात म्हणून. एकीला गुरुवार, दत्ताचा. आणि शुक्रवार तिघींना: दोघींना अंबाबाईचा उपवास, एकीला जुम्माची नमाज. शुक्रवारी जागा दोन, मागणाऱ्या तीन. कुणाचा देव मोठा हे ठरवायला बसू नका, तिढा सुटणार नाही. पाळी लावा. तीन आठवड्यांत प्रत्येकीला दोन शुक्रवार मिळतील. जिचा शुक्रवार हुकेल तिला त्या आठवड्यात शनिवारी सुट्टी. अशानं कुणालाही सलग सात दिवसांपेक्षा जास्त काम पडत नाही.

हुकलेल्या शुक्रवारी कामही बघून द्या. उपवास असलेल्या बाईला चुलीच्या धगीपुढं उभी करू नका, डबे-हिशोबाला बसवा. नमाजवाल्या ताईला दुपारी तेवढा वेळ मोकळा ठेवा आणि त्या वेळेचं काम आधीच उरकून घ्या.

आता फसायची जागा सांगते. वार बदलताना मधला आठवडा मोजा. सोमवारची सुट्टी घेतली आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारची धरली, तर मंगळवारपासून गुरुवारपर्यंत सलग दहा दिवस काम होतं! म्हणून बदलाच्या आठवड्यात सोमवार आणि शुक्रवार दोन्ही घ्या, त्यातला एक दिवस रजेत किंवा बिनपगारी मांडा. आधीच सांगून टाका, म्हणजे नंतर कुरबुर नको.

मालकाच्या दुकानात किंवा कारखान्यात कामाला असाल तर मागणी लेखी द्या. चार ओळी पुरेत: कोणत्या वाराऐवजी कोणता वार पाहिजे, कोणत्या तारखेपासून, माझ्या जागी त्या दिवशी कोण (तिला विचारून), आणि बदल्यात मी कोणता दिवस येईन. शेवटी लिहा, “चार आठवडे करून बघू, अडचण आली तर परत बोलू.” ज्या दुकान-आस्थापनेला महाराष्ट्राचा 2017 चा कायदा लागू आहे, तिथं आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी हा त्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. पण ती तुमच्याच आवडत्या वारी द्यावी असं तो कायदा म्हणत नाही. वार हा बोलून जुळवायचा विषय आहे.

आणखी एक. संकष्टी, एकादशी तिथीवर असतात, वारावर नाहीत. त्यासाठी साप्ताहिक सुट्टी हलवू नका. महिन्याच्या सुरुवातीला कॅलेंडरवर खूण करा आणि तेवढ्या दिवसाची अदलाबदल मैत्रिणीशी करून वहीत दोघींच्या सह्या घ्या. श्रावणातले सोमवार मात्र चार किंवा पाचच. ते फक्त तेवढ्या महिन्यापुरते मागा.

शेवटी वही. कोण सुट्टीवर, कोण कामावर, रोज लिहायचं. चार आठवड्यांनी उघडून दोनच गोष्टी बघा: रविवारच्या मोठ्या ऑर्डरींना त्याच त्या बाया राबतात का, आणि उपवास न करणारीच्या वाट्याला कायम उरलेला दिवस येतो का. उपवास नाही म्हणून तिच्या दिवसाची किंमत कमी होत नाही, बरं का! तसं दिसलं तर तिला आधी वार निवडू द्या, मग बाकीच्यांनी.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपापला ‘रोज किमान किती जणी’ हा आकडा आणि हवे असलेले वार लिहून आणा. तिथंच बसून वेळापत्रक मांडू.