किटलीचे गाणे आणि उन्हाची खिडकी



शाळेतील उष्णतेच्या धड्याचे उत्तर अनेकांना अजूनही पाठ असेल : स्थायूमध्ये वहन, द्रवात आणि वायूत अभिसरण, माध्यमावाचून होते ते प्रारण. उत्तर बरोबर आहे. परंतु किटलीच्या बुडाशी लागलेली आच वरच्या पाण्यापर्यंत कशी पोचते, असे विचारले, की पाणी उष्णता पुढे नेते एवढे सांगून पुष्कळजण मोकळे होतात. पाणी मुरते ते नेमके येथेच.

गॅसवर ॲल्युमिनियमची किटली ठेवली आहे असे समजावे. ज्योतीची उष्णता बुडाच्या पत्र्यातून आत जाते, ती वहनाने. पत्र्याचे कण आपापल्या जागी राहून थरथरतात आणि ती थरथर शेजाऱ्याकडे सोपवतात. धातूमध्ये हे काम मुख्यत्वे मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन करतात, म्हणून ते झपाट्याने होते. पत्रा ओलांडून उष्णता पाण्याला भिडते आणि तेथे वहनाची वाट जवळपास संपते. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या शेकडो पटींनी कमी आहे. सारा भार वहनावरच पडला असता, तर सकाळच्या चहासाठी कित्येक तास वाट पाहावी लागली असती.

याची खात्री प्रयोगशाळेत करता येते. परीक्षानळीच्या तळाशी बर्फाचा खडा जाळीने दाबून ठेवावा, वर पाणी भरावे आणि नळी तिरपी धरून फक्त वरच्या टोकाला आच द्यावी. वरचे पाणी खळखळ उकळू लागते आणि तळाचा बर्फ बराच वेळ तसाच राहतो! एकाच बोटभर नळीत उकळी आणि बर्फ शेजारी नांदताना पाहिलेला विद्यार्थी तो तास सहसा विसरत नाही.

मग किटलीतले पाणी तापते कसे? तळाचे पाणी तापून प्रसरण पावते. उकळबिंदूजवळ आलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे 4 टक्के हलके असते. एवढा फरक पुरेसा होतो. हलके पाणी वर चढते, वरचे थंड व जड पाणी त्याच्या जागी उतरते. येथे उष्णता कणाकडून कणाकडे सोपवली जात नाही, ती अंगावर घेऊन पाणी स्वतःच प्रवासाला निघते. नळीत वरून आच दिली तेव्हा हलके पाणी आधीच वर होते, म्हणून प्रवास सुरूच झाला नाही.

उकळीपूर्वी किटली गुणगुणते, त्या गाण्यातही हीच हकिकत आहे. तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात, पण वरच्या तुलनेने थंड पाण्यात शिरताच मिटतात. त्या मिटण्याचा तो आवाज. गुणगुण मंदावून खळखळ सुरू झाली, की सगळे पाणी उकळबिंदूला आले असे खुशाल समजावे. जड पाण्याच्या गावी मात्र बुडाशी क्षारांचे पांढरे पुट चढते. ते उष्णतेचे मंदवाहक असल्याने गाणे उशिरा सुरू होते आणि गॅस अधिक जळतो.

आता खिडकीकडे वळू या. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे आणि मधल्या जवळजवळ रित्या अवकाशात ना थरथर सोपवायला कण, ना प्रवासाला निघायला पाणी. तरीही त्याची ऊर्जा 8 मिनिटे 20 सेकंदांत उंबऱ्याशी येते, ती प्रारणाने. दुपारी आधी काचेवर आणि मग आतल्या उन्हातल्या काळ्या फरशीवर हात ठेवून पाहावा. फरशी कितीतरी जास्त तापलेली असते, कारण काच बहुतेक ऊन पुढे जाऊ देते आणि फरशी ते शोषते.

बंद खोली एवढी का तापते, याचे प्रचलित उत्तर असे, की तापलेली फरशी जे अदृश्य अवरक्त प्रारण बाहेर टाकते ते काच अडवते. ते खरे आहे, पण अपुरे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी 1909 मध्ये दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर अवरक्त प्रारण सहज जाऊ देणारी सैंधवाची चकती. उन्हातल्या अवरक्त भागाचा दोन्ही पेट्यांना सारखाच लाभ व्हावा म्हणून ऊन आधी एका काचेतून गाळून घेतले, तेव्हा दोन्हींच्या तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक उरला. प्रयोग लहानसा आणि काहीसा ढोबळ होता, पण बंद पेटीत तापलेली हवा निसटू न शकणे, म्हणजेच अभिसरण अडणे, हेच मोठे कारण असल्याचे त्यातून दिसले.

म्हणून आतला जाड पडदा उन्हाळ्यात अर्धेच काम करतो. ऊन काच ओलांडून आलेले असते, पडदा ते शोषून स्वतः तापतो आणि खोलीतलीच हवा तापवतो. तीच बांबूची चिक खिडकीबाहेर टांगली, तर तापलेल्या चिकेची उष्णता वारा बाहेरच्या बाहेर घेऊन जातो. जुन्या घरांत छताजवळ झरोका असे. खालून खिडकीची फट आणि वर तो झरोका उघडा ठेवला, की गरम हवा वरून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत येते, अगदी किटलीतल्या पाण्याच्या चालीने.